नेपोलियनचा त्रिकोण: टाचणी, ट्रेसिंग पेपर आणि एक चुकलेला बिंदू

मागच्या वेळी म्हणालो होतो की आता नेपोलियनच्या प्रमेयाला हात घालणार, तर तीन संध्याकाळी त्यातच गेल्या आणि अजून पिच्छा सुटलेला नाही. ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी: कुठलाही त्रिकोण घ्या, वाकडातिकडा चालेल, त्याच्या तिन्ही बाजूंवर बाहेरच्या अंगाला समभुज त्रिकोण काढा, त्या तिघांचे केंद्रबिंदू जोडा, की जो त्रिकोण मिळतो तो समभुजच असतो. (नेपोलियनचं नाव कसं चिकटलं देव जाणे, त्याने हे शोधल्याचा काही पुरावा नाही. इंग्लंडच्या ‘लेडीज डायरी’त रदरफर्ड नावाच्या माणसाने 1825 साली हा प्रश्न घातला होता, तेव्हा नेपोलियनला जाऊन चार वर्षं झाली होती.)

पहिल्या दिवशी साधा काटकोन त्रिकोण घेतला, 6, 8 आणि 10 सेंमीचा, म्हणजे मोजायला सोपं. आधी शहाण्यासारखे तिन्ही समभुज त्रिकोण पूर्ण काढायला गेलो तर 10 वाला कागदाबाहेर पळाला. मग लक्षात आलं की आपल्याला फक्त केंद्र हवंय, अख्ख्या त्रिकोणाचं करायचंय काय! बाजूच्या मध्यावर लंब टाकायचा आणि बाहेरच्या बाजूला बाजूच्या 0.2887 पट अंतरावर टिंब द्यायचं, बास. माझ्या बाजूंसाठी ते 1.73, 2.31 आणि 2.89 सेंमी आलं. टिंबं दिली, जोडली, पट्टी लावली: 7.8, 4.6, 3.5.

समभुज? कसलं डोंबल.

आता प्रमेय चुकणार नाही, म्हणजे मीच चुकलो. कर्णावरचं टिंब मी आतल्या बाजूला दिलं होतं, लंब दोन्हीकडे जातो आणि पेन्सिल ज्या बाजूला धरली होती तिकडेच मोजलं. खोडून बाहेर दिलं तर तिन्ही बाजू 7.8, अगदी मिलिमीटरला मिलिमीटर. पण ते खोडायच्या आधी एक गंमत दिसली म्हणून सांगतो. चुकलेला बिंदू, बरोबर असलेले दोन बिंदू आणि काटकोनाचा कोपरा, हे चार मिळून समांतरभुज चौकोन होत होता. वाटलं योगायोग असेल, म्हणून दुसरे दोन वेडेवाकडे त्रिकोण काढून बघितले (तिथे काटकोनाऐवजी उरलेल्या दोन बाजू भेटतात तो कोपरा धरायचा), तिथेही तेच. नंतर बीजगणिताने तपासलं तर ते नेहमीच होतं. म्हणजे तुमची आकृती बिघडली आणि दोन टिंबं बाहेर, एक आत असं झालंय का हे ओळखायचं असेल तर असा समांतरभुज चौकोन दिसतोय का बघा.

दुसऱ्या दिवशी हाताने किती काढणार म्हणून पायथॉनमध्ये टाकलं. कॉम्प्लेक्स नंबर वापरले की चार ओळींत काम होतं, कारण 1j ने गुणणं म्हणजे काटकोनात वळवणं:

```
C, A, B = 0, 8, 6j
k = 1j / (2 * 3**0.5)
def kendra(p, q):
    return (p + q)/2 - k*(q - p)
X, Y, Z = kendra(C, A), kendra(A, B), kendra(B, C)
print(abs(X-Y), abs(Y-Z), abs(Z-X))
```

तिन्ही 7.813 आले (शेवटच्या दशांशात थोडं इकडेतिकडे होतं, घाबरू नका). इथे एक खड्डा आहे. C, A, B हे बिंदू घड्याळाच्या उलट क्रमाने द्यायचे, सुलट दिले तर बाहेरचं आत होतं, आणि वाईट म्हणजे तुम्हाला कळतच नाही, कारण तिन्ही समभुज त्रिकोण आतल्या बाजूला काढले तरी केंद्रांचा त्रिकोण समभुजच येतो, फक्त लहान. माझा 2.371 चा आला आणि मी अर्धा तास ‘समभुज तर आहे, मग 7.8 का नाही’ करत बसलो. त्या अर्ध्या तासातून एक निघालं ते असं की मोठ्याचं क्षेत्रफळ वजा लहान्याचं केलं तर बरोबर 24, म्हणजे मूळ त्रिकोणाचंच क्षेत्रफळ.

पण हे सगळं ‘होतं’ एवढंच सांगतं, का होतं ते नाही. कोसाइनचा नियम लावून सिद्धता होते, मी केलीसुद्धा, पण पानभर आकडेमोड करून शेवटी हाती काही लागल्यासारखं वाटलं नाही. मग तिसऱ्या दिवशी ट्रेसिंग पेपर काढला.

खालच्या कागदावर आकृती, म्हणजे A, B, C आणि तीन केंद्रं X, Y, Z. वर ट्रेसिंग पेपर, त्यावर C च्या डोक्यावर एक ठिपका. X वर टाचणी टोचा आणि वरचा कागद घड्याळाच्या दिशेने फिरवा, ठिपका C वरून A वर येईपर्यंत. हे फिरणं 120 अंशांचं असतं, कारण समभुज त्रिकोणाच्या केंद्रातून बाजू तेवढ्या कोनात दिसते, कोनमापक लागतच नाही. आता टाचणी Y वर, पुन्हा फिरवा, ठिपका A वरून B वर. मग Z वर, ठिपका B वरून परत C वर. तीनदा 120 म्हणजे 360, कागद सरळ झाला, ठिपकाही जागेवर आला, म्हणजे अख्खा ट्रेसिंग पेपर होता तिथेच आला, त्यावरचा प्रत्येक बिंदू. (टाचणीचं भोक मोठं झालं की दोनतीन मिमी सरकतो. खाली थर्माकोल ठेवा, माझ्या टेबलावर आता नक्षी आहे.)

आता C सोडा आणि ट्रेसिंग पेपरवर X च्या वर दिलेल्या ठिपक्याचा प्रवास बघा. पहिल्या फेरीत टाचणी त्याच्यातच आहे, तो हलत नाही. दुसऱ्या फेरीत Y भोवती 120 फिरून कुठेतरी जातो, त्या जागेला W म्हणू. तिसऱ्या फेरीत Z भोवती 120 फिरून तो परत X वर यायलाच पाहिजे. म्हणजे YX आणि YW सारखे, ZX आणि ZW सारखे, पतंगाचा आकार झाला, मधली काडी YZ. ती काडी Y जवळचा 120 चा कोन अर्धा करते आणि Z जवळचाही. म्हणजे XYZ त्रिकोणात Y ला 60, Z ला 60, उरलेला आपोआप 60. संपलं! एकही वर्गमूळ नाही. मी दोन मिनिटं नुसता बघत बसलो, चहा गार.

यातून हेही कळतं की जीव समभुजपणात नाही, फेऱ्यांची बेरीज 360 होण्यात आहे. तिन्ही बाजूंवर चौरस काढले तर 90 गुणिले 3 म्हणजे 270, कागद वाकडाच राहतो, जमत नाही. पण दोन बाजूंवर चौरसाची केंद्रं आणि तिसऱ्या बाजूचा नुसता मध्यबिंदू घेतला तर 90, 90 आणि 180, बेरीज 360, आणि कोन त्याचे निम्मे यायला हवेत: 45, 45, 90. त्याच 6-8-10 वर करून बघितलं, 6 आणि 8 वर चौरस, कर्णाचा मध्य. कर्णाच्या मध्यापासून दोन्ही केंद्रं 7 सेंमीवर, मधला कोन काटकोन.

पुढच्या खेपेला 100, 120, 140 च्या फेऱ्या करून 50-60-70 चा त्रिकोण काढायचा बेत आहे. 140 वाल्या बाजूचं टिंब बाजूच्या फारच जवळ येतं, तिथे माझ्या पट्टीचा आणि टाचणीचा कस लागणार आहे.