तुम्ही विचारलंत म्हणून: कॅथेटरच्या कागदाबद्दल

«एका पानाचं तर भाषांतर! पटकन मराठीत करून द्या ना, त्यात इतकं विचारण्यासारखं काय आहे?»

हो, कॅथेटरच्या, म्हणजे लघवीच्या नळीच्या, काळजीचा इंग्रजी कागद मराठीत करून द्यायचा असला की मी खूप विचारते. पेशंट बाई आहे की पुरुष, पुरुष असेल तर सुंता झालेली आहे का, नळीची स्वच्छता कोण करणार, त्या माणसाला पूर्वी कुणी हे करून दाखवलंय का, पेशंटला स्वतःचं दुखणं सांगता येतं का. काहींना हे प्रश्न आगाऊपणाचे वाटतात, काहींना अश्लील. एका गृहस्थांनी सुंतेचा प्रश्न ऐकून फोनच ठेवला. मला त्यांचा राग आला नाही. कधीकाळी मीही असाच फोन ठेवला असता.

वडिलांना पक्षाघात झाला त्यानंतरची ही गोष्ट. लघवी अडायला लागली म्हणून डॉक्टरांनी कॅथेटर घातला आणि तो घालूनच घरी सोडलं. सोबत इंग्रजीतला एक कागद होता. आई करणार होती, आईला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी रात्री बसून तो मराठीत लिहून काढला. आठ मुद्दे होते. भाषा माझी चांगली आहे आणि त्या रात्री मला तिचा अभिमानही वाटला होता. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं ते भाषा येत नव्हती म्हणून झालं नाही.

मूळ कागदातलं स्वच्छतेचं वाक्य तीन तुकड्यांचं होतं: लिंगाच्या टोकावरची कातडी मागे घ्या, साबण-पाण्याने धुवा, आणि कातडी पुन्हा पूर्ववत पुढे आणा. मी लिहिलं, ‘कातडी मागे घेऊन तो भाग रोज साबण-पाण्याने नीट स्वच्छ करावा.’ तिसरा तुकडा मी गाळला. विसरले नव्हते. ‘रिप्लेस’ हा शब्द मी वाचला होता, अर्थही कळला होता. पण वडिलांच्या शरीराबद्दल, आईने वाचायचं, माझ्या अक्षरात, असं ते वाक्य होतं आणि मला ते लवकर संपवायचं होतं. मनात म्हटलं, पुढे तर आणणारच, हे काय सांगायला हवं?

सांगायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईने वडिलांचं अंग पुसलं, माझा कागद समोर ठेवून नळीची स्वच्छता केली आणि त्या मुद्द्यापुढे पेनाने बरोबरची खूण केली. दुपारी वडील अस्वस्थ झाले. बोलणं नीट येत नव्हतं, नुसतं ‘ओढतंय, ओढतंय’ म्हणत होते आणि हात सारखा खाली जात होता. नळी ओढली जातेय असं आम्हाला वाटलं. मांडीवरची पट्टी सोडून नळीला जरा ढील देऊन पुन्हा लावली. मग पिशवी बघितली. लघवी छान उतरत होती, फिकट पिवळी, चारशे मिलीच्या खुणेपर्यंत. कागदावर लिहिलं होतं की लघवी उतरत नसेल तर कळवा. ती उतरत होती, म्हणजे सगळं ठीक. दिवसभर आम्ही पिशवीकडे बघत राहिलो, माणसाकडे बघितलं नाही.

रात्री दहाच्या सुमाराला आईने मला आत बोलावलं. ‘हे असं असतं का गं?’ एवढंच म्हणाली.

टोकामागे कातडीचा घट्ट वळसा बसला होता आणि त्याच्या पुढचा सगळा भाग सुजून चकचकीत झाला होता, आत पाणी भरल्यासारखा. मधून नळी आणि नळीतून लघवी शांतपणे खाली जात होती. आईला वाटलं होतं, टोक उघडं राहिलं तर कोरडं राहील, बरं. तिने कातडी मागे घेतली, धुतलं, आणि माझं वाक्य जिथे संपत होतं तिथे थांबली.

याला पॅराफायमोसिस म्हणतात. मागे गेलेली कातडी दोऱ्यासारखी आवळते. रक्त आत येत राहतं, पण परत जायची वाट दाबली जाते, म्हणून टोक सुजतं. टोक सुजलं की कातडीचा वळसा आणखी आवळतो, आणि आवळला की सूज आणखी वाढते. असं तासन्‌तास राहिलं तर टोकाचा रक्तपुरवठाच धोक्यात येतो. यात सकाळपर्यंत वाट बघायची नसते. लघवी नळीतून उतरत असल्यामुळे धोक्याची एक मोठी खूण झाकलेली राहते, हे मला त्या रात्री कळलं.

तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांनी आधी रंग बघितला. गुलाबी होता. काळपटपणा नव्हता, म्हणजे वेळ गेलेली नव्हती. बधिर करणारी जेली लावली आणि कापडात धरून सुजलेला भाग मुठीत एकसारखा दाबून ठेवला. बराच वेळ, मला तर तासभर वाटला, प्रत्यक्षात दहा-पंधरा मिनिटं असतील. दाबाने सूज मागे सरकते, मग दोन्ही अंगठ्यांनी टोक आत ढकलत बोटांनी कातडी पुढे ओढतात. नळी जागच्या जागी राहिली. असं हाताने जमलं नाही तर छोटा छेद द्यावा लागतो, तशी वेळ आली नाही. वडिलांनी माझा हात धरला होता आणि ओरडत होते. बोलता येत नव्हतं, ओरडता येत होतं.

डॉक्टरांनी आईला विचारलं, ‘धुतल्यावर कातडी पुढे घेतली नव्हती का?’ रागाने नाही, साधं विचारलं. आई म्हणाली, ‘माझ्या लक्षात यायला हवं होतं.’ मी तिथे उभी होते आणि गप्प राहिले. कागद माझ्या पर्समध्ये होता.

यावर मी स्वतःशी आजही भांडते. तेव्हाची मी म्हणते की वॉर्डमध्ये सिस्टरनी करून दाखवायला हवं होतं, सोडताना आईकडून एकदा करून घ्यायला हवं होतं, एका कागदावर सगळं सोडणं ही त्यांची चूक. ते खरंच आहे, आणि मी ते आजही मागे घेत नाही. पण त्यांच्या कागदात ते वाक्य होतं. माझ्या कागदात नव्हतं. भाऊ म्हणतो, आईने वाक्य असूनही चूक केली असती, पहिल्यांदाच करत होती ती. केलीही असती. ते आता कुणाला कळणार? कधी मला त्याचं पटतं, कधी त्याने मला मोकळं करायला हे काढलंय असं वाटतं.

आता मी तो मुद्दा असा लिहिते. कातडी असलेला पुरुष पेशंट असेल तर पूर्ण लिहिते, कुणाला कितीही संकोच वाटो:

‘आधी हात साबणाने धुवा. लिंगाच्या टोकावरची कातडी सहज जाईल तेवढीच मागे घ्या, जोर लावू नका. टोक आणि नळी जिथून बाहेर येते ती जागा साध्या साबण-पाण्याने धुवा. नळी शरीराजवळ एका हाताने धरून ठेवा, म्हणजे ती ओढली जाणार नाही, आणि शरीरापासून बाहेरच्या दिशेने पुसा. उलट दिशेने पुसू नका. पावडर, क्रीम, डेटॉलसारखं औषधी पाणी लावू नका. साबण निघेल असं धुवून हलकेच कोरडं करा. आता कातडी पुढे ओढून टोक पूर्ण झाका. झाकलं गेलं का ते डोळ्यांनी बघा. पुढे येत नसेल किंवा सूज दिसत असेल तर उद्यावर टाकू नका, लगेच दवाखान्यात न्या, लघवी उतरत असली तरीही.’

शेवटचे चार शब्द मूळ कागदात नाहीत. भाऊ म्हणतो, भाषांतरात आपलं घालायचं नाही. नियम म्हणून मलाही ते मान्य आहे. म्हणून असं काही घातलं की ते वेगळ्या शाईत लिहिते आणि कागद एकदा डॉक्टरांना किंवा सिस्टरना दाखवून घ्या असं सांगते. तरी हे बरोबर की चूक, माझं पूर्ण ठरलेलं नाही. गाळण्यापेक्षा घालणं बरं, इतकंच मला सध्या म्हणता येतं.

बाकीच्या मुद्द्यांतही हेच. ‘पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवावी.’ भाषांतर अगदी बिनचूक. आईने विचारलं, ‘मूत्राशय नेमकं कुठे असतं?’ मी ओटीपोट दाखवलं. ‘मग पलंगाच्या कठड्याला अडकवलेली चालेल?’ कठडा खाली असताना ती गादीच्या खाली लोंबत होती. कठडा वर केला की पिशवीही वर यायची, वडिलांच्या पोटाच्याही वर. मग नळीतली लघवी उलटी आत जाऊ शकते आणि जंतूही तिच्याबरोबर. आता मी लिहिते, ‘पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता. वर-खाली होणाऱ्या कठड्याला अडकवू नका, पलंगाच्या न हलणाऱ्या पट्टीला अडकवा. पेशंटला उचलताना किंवा कूस बदलताना पिशवी पोटावर ठेवू नका.’ हे शेवटचं जवळजवळ प्रत्येक घरात होतं, कारण दोन्ही हात गुंतलेले असतात आणि पोट ही सगळ्यात सोयीची जागा वाटते. त्याआधी पिशवी रिकामी केली तर तिचं वजनही राहत नाही.

आणि ‘लघवी उतरत नसेल तर’ याचं. किती वेळ, हे लिहिलेलं नसतं, म्हणून लोक एक तर दहा मिनिटांत घाबरतात किंवा रात्र काढतात. आधी नळी मांडीखाली दबली आहे का, पिळली आहे का, पिशवी खाली आहे का, पोट साफ झालंय का, हे बघायचं, कारण कडक शौच साचलं तरी नळी दाबली जाते. हे सगळं ठीक असून दोन-तीन तास पिशवीत काही वाढलं नाही, तर फोन करा. ओटीपोट फुगलेलं किंवा दुखत असेल तर तेवढंही थांबू नका. नळी ओढून काढायची मात्र नाही, आत पाण्याने भरलेला फुगा असतो आणि तो रिकामा न करता ओढला तर मूत्रमार्ग फाटू शकतो.

तर कागद पाठवणार असाल तेव्हा सोबत हेही लिहा: करणारं माणूस कोण आहे आणि ते फोनवर पंधरा मिनिटं देऊ शकेल का. मी माझा कागद त्यांना वाचून दाखवत नाही. त्यांनी तो बाजूला ठेवायचा आणि काय-काय करणार ते मला त्यांच्या शब्दांत सांगायचं. परवा एक सून सासऱ्यांचं सांगत होती. हात धुतले, कातडी मागे घेतली, धुतलं, कोरडं केलं, म्हणाली, ‘झालं.’ मी म्हटलं, ‘नाही झालं.’ ती क्षणभर थांबली, मग हळू आवाजात म्हणाली, ‘कातडी पुढे घ्यायची.’ मी तिला सुरुवातीपासून पुन्हा सांगायला लावलं.