डझनाच्या पेटीवर वजनाची चिठ्ठी

सुरुवातीची काही वर्षं आम्ही हापूस फक्त डझनावर विकला. रत्नागिरीजवळच्या बागेतून माल यायचा, आकारानुसार वेगळा करायचा आणि पेट्या भरायच्या. 200 ते 250 ग्रॅमचं फळ एका भावात, 250 ते 300 चं त्याहून वरच्या भावात. हिशोब सरळ वाटायचा.

एका नेहमीच्या काकूंनी त्यातली खोट दाखवली. त्यांनी आणि त्यांच्या जावेने एकाच दिवशी, एकाच ग्रेडचा एकेक डझन नेला होता, दोन्हींचा भाव 800 रुपये. घरी काट्यावर ठेवल्यावर एक भरला 2 किलो 450 ग्रॅम, दुसरा 2 किलो 940. फसवलं कुणीच नव्हतं. चोवीसच्या चोवीस फळं त्या ग्रेडमध्ये बसत होती. पण एकीला आंबा किलोला 327 रुपयांना पडला, दुसरीला 272 ला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून प्रत्येक पेटीवर वजनाची चिठ्ठी लागते आणि आम्ही भाव किलोवर काढून मग डझनात सांगतो. वजन नेमकं कधीचं, तेही लिहितो. कच्चा आंबा अढीत पिकताना पाणी सोडतो. आम्ही मुद्दाम जपून ठेवलेला 3 किलोचा एक डझन नवव्या दिवशी 2 किलो 780 ग्रॅम भरला. म्हणून कच्च्या पेटीचा किलोभाव तयार आंब्याच्या किलोभावाशी लावू नये, कच्चा नेहमी स्वस्त दिसतो.

मोठं फळ महाग असणं मला पटतं, कारण त्यात साल आणि कोयीच्या मानाने गर जास्त. पण फार मोठ्या फळात साका, म्हणजे आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा होणं, निघण्याची भीतीही जास्त, आणि साका बाहेरून कळत नाही. घरच्या खाण्याला मी स्वतः मधला आकारच नेतो.

मग आठवडा. आमच्या वहीत दर शनिवारी प्रत्येक ग्रेडचा किलोभाव लिहिलेला असतो. मार्चअखेरीला माल थोडा, भाव चढा. अक्षय्य तृतीयेला मागणी वाढते, त्यामुळे आवक चांगली असूनही भाव लगेच उतरत नाही. खरी घसरण मे महिन्यात माल एकदम उतरला की दिसते. त्यामुळे गिऱ्हाईक म्हणालं, "दुसरीकडे डझनाला दोनशेने कमी आहे," तर मी तीनच गोष्टी विचारतो: डझनाचं वजन किती, फळ कच्चं की तयार, आणि भाव कुठल्या आठवड्यातला? बऱ्याचदा तफावत तिथेच मिटते. कधी आमचाच भाव जास्त निघतो, तेव्हा तो उतरवतो.

वळवाचा पाऊस पडून गेला की फळ टिकत नाही, आकारही मिसळतात. मग डझन बंद करून आम्ही उरलेला माल आमरसासाठी फक्त किलोवर देतो.