शुभेच्छांची उत्तरे

वसुबारसेपासून फोनवर शुभेच्छा येऊ लागतात आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यांचा असा लोंढा लागतो की, कोणाला उत्तर दिले आणि कोणाचे राहिले याचा हिशेबच लागत नाही. पणत्यांच्या फॉरवर्ड केलेल्या चित्रांना मी अंगठ्याचे चिन्ह लावून मोकळा होतो, आणि अंगठा दाखवणे हा वाक्प्रचार इथे अगदीच चुकीचा नाही. पण ज्याने स्वतः बसून दोन ओळी लिहिल्या आहेत, त्याला नुसते ‘सेम टू यू’ म्हणणे म्हणजे दारात आलेल्याला दारातूनच परत पाठवणे होय.

एकच मजकूर ब्रॉडकास्ट करून सगळ्यांची बोळवण करता येते, परंतु ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्यांच्यापर्यंत तो पोहोचतच नाही, आणि ओळखीच्या माणसांमध्ये असे बरेच असतात. त्याहून मोठी अडचण भाषेची आहे. मराठीत पहिल्याच वाक्यात समोरचा ‘तू’ आहे की ‘तुम्ही’ हे ठरवावे लागते; ते टाळायचे म्हटले, तर ‘आपणांस व आपल्या परिवारास’ असा निमंत्रणपत्रिकेतला सूर लागतो. मजकूर कॉपी करून थोडाफार बदलला, तरी कुठेतरी ‘आलास का’च्या जागी ‘आलीस का’ राहून जाते आणि वाचणाऱ्याला कळते की हे उत्तर मुळात दुसऱ्याच कोणाचे होते.

म्हणून मी आधी समोरचा मनुष्य एरवी कसा बोलतो ते आठवतो आणि इंग्रजी शब्दांचे प्रमाण त्यावरून ठरवतो. जुन्या ऑफिसातील एका सहकारी बाईंनी गेल्या दिवाळीत ‘हॅपी दिवाळी टू ऑल ऑफ यू!’ एवढेच लिहिले होते. त्यांची मुलगी नुकतीच हॉस्टेलवर राहायला गेली होती. त्यांना मी लिहिले, ‘हॅपी दिवाळी, मॅडम! लेक हॉस्टेलवरून आली असेल, म्हणजे यंदा फराळाचे डबे लवकर रिकामे होणार. तिला सेमिस्टरसाठी ऑल द बेस्ट सांगा.’ यात मॅडम, हॉस्टेल, सेमिस्टर हे शब्द आमच्या रोजच्या बोलण्यातलेच होते. त्यांच्या जागी वसतिगृह आणि सत्र घातले असते, तर पत्र मुख्याध्यापकांच्या सहीने गेल्यासारखे वाटले असते. क्रियापदे मात्र मराठीच ठेवली, कारण आपुलकी ‘असेल’, ‘सांगा’ यांसारख्या रूपांत असते आणि ‘होप शी इज होम’ या वाक्यात ती तितकीशी उतरत नाही.

‘लेक आली का?’ असे मी मुद्दामच विचारले नाही. प्रश्न विचारला की उत्तर येते, त्या उत्तराला पुन्हा उत्तर द्यावे लागते, आणि असे अनेक संवाद एकाच संध्याकाळी उघडे राहिले की त्यांतले निम्मे आपल्याच बाजूने अर्धवट तुटतात. ज्याच्याशी खरोखर बोलायचे आहे त्यालाच प्रश्न करावा. इतरांसाठी ‘आली असेल’ पुरेसे असते, कारण त्यात आठवण पोहोचते आणि उत्तराची सक्ती राहत नाही.

शाळेतल्या निवृत्त सरांचे उत्तर याच्या उलट असते. ते स्वतः शुद्ध मराठीत लिहितात, तेव्हा मीही ‘सर, सादर नमस्कार’ असा आरंभ करतो. पण त्यांना नव्या मोबाइलचे भारी कौतुक असल्यामुळे ‘आपण पाठवलेला आकाशकंदिलाचा फोटो फारच क्लिअर आला आहे’ हे वाक्य त्यांना सगळ्या अलंकारिक शुभेच्छांपेक्षा अधिक आवडते.

उशीर झाला, तर ‘बिलेटेड’ शब्द मी वापरत नाही. दिवाळी या बाबतीत उदार सण आहे. नरक चतुर्दशीला आलेल्या संदेशाला पाडव्याच्या दिवशी उत्तर देताना पाडव्याच्या शुभेच्छा द्याव्यात आणि भाऊबीजही हुकली, तर तुळशीचे लग्न आहेच. उशीर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

ज्या घरात वर्षभरात कोणी गेले आहे, तिथे सहसा पहिली दिवाळी करत नाहीत. त्या घरातून एखादा ‘शुभ दीपावली’ असा दोन शब्दांचा संदेश आला, तर त्याला सवयीने ‘हॅपी दिवाळी’ म्हणायला बोटे पुढे होतात, ती थांबवावी लागतात. तिथे ना इंग्रजी चालते ना रोषणाईची चिन्हे. एका मित्राच्या वडिलांच्या पश्चातल्या पहिल्या दिवाळीत मी लिहिले होते, ‘यंदा तुमच्याकडे दिवाळी नाही, हे लक्षात आहे. काकांची आठवण आली. भाऊबीजेनंतर घरी येऊन जातो.’ त्यावर त्याचे उत्तर आले, ‘ये रे. संडेला ये, आई पण असेल.’