‘जणू’ दिसले की थांबा

शाळेच्या स्मरणिकेत डबे, सहली आणि छड्या यांच्या आठवणी इतर जण लिहितीलच. मला या शाळेच्या मराठीच्या तासाला हाती आलेली एकच रीत इथे लिहायची आहे. पद्याच्या उताऱ्याखाली ‘अलंकार ओळखा व त्याचा परिणाम सांगा’ असा प्रश्न आला की काय करायचे, त्याची ही रीत. आज मी स्वतः मराठी शिकवते, तेव्हाही तीच वापरते. आताच्या दहावी-बारावीच्या मुलांच्या हाती हा अंक पडेल, म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

सरावासाठी या आठ ओळी रचल्या आहेत:

विहीर सुकली माळावरची
जणू आंधळा डोळा उघडा;
मेघ नव्हे हा, धूर चुलीचा
आभाळीचा काळा तुकडा.
वाट पाहुनी थकला रस्ता
बसला टेकुन वेशीपाशी;
हंड्यांची बघ रांग सरकते
ती मुंग्यांपरि पुढे जराशी.

बहुतेक मुले आधी खुणेचा शब्द शोधतात. ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा, ‘सारखा’ किंवा ‘परि’ दिसला की उपमा, ‘नव्हे’ दिसला की अपन्हुती. बऱ्याचदा हे बरोबर येते, आणि म्हणूनच सवय जडते. मग ‘तुला जणू माहीतच नाही!’ या टोमण्यातही उत्प्रेक्षा दिसू लागते. ‘सकाळपासून सारखा पाऊस पडतोय’ यात ‘सारखा’ म्हणजे सतत. ‘दोघी बहिणी सारख्याच दिसतात’ यात तुलना आहे, पण दोन्ही बाजूंना माणसेच आहेत आणि सांगितले आहे ते साधे सत्य, त्यामुळे उपमा नाही. ‘परि’ तर तीन वेषांत येतो: ‘सारखा’ या अर्थाने, ‘पण’ या अर्थाने, आणि दीर्घ केला की पंखांची परी. ‘गोड परि अपुरे गाणे’ यात कसलीच उपमा नाही.

म्हणून आधी पेन्सिल घ्या. कवी मुळात ज्याच्याविषयी बोलतो आहे त्याच्याखाली एक रेघ मारा, ते उपमेय. त्यासाठी बाहेरून जी वस्तू आणली आहे तिच्याखाली दोन रेघा, ते उपमान. मग दोघांत नाते काय आहे ते विचारा. वरच्या विहिरीवरच करून बघा. ‘विहीर आंधळ्या डोळ्यासारखी’ म्हटले तर दोन वस्तू वेगळ्या राहून शेजारी बसतात, ती उपमा. ‘विहीर जणू आंधळा डोळाच’ म्हटले की विहीर म्हणजे डोळाच आहे असे क्षणभर वाटते, ती उत्प्रेक्षा. ‘विहिरीचा आंधळा डोळा आभाळाकडे लागला’ यात वाटण्याचीही गरज उरत नाही, दोन्ही एकच होतात, ते रूपक. ‘ही विहीर नव्हे, आंधळा डोळा’ म्हणून उपमेय नाकारले की अपन्हुती. आणि ‘डोळ्याहूनही कोरडी विहीर’ असे उपमेयाला उपमानाच्या वर चढवले की व्यतिरेक. वस्तू त्याच, फक्त त्यांच्यातले अंतर बदलत गेले. हे एकदा बोटांवर बसले की व्याख्या घोकाव्या लागत नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या ओळीत हुशार मुलेही अडकतात. ‘मेघ नव्हे हा, धूर चुलीचा.’ आभाळात खरोखर धूर असेल आणि कुणाला तो ढग वाटला असेल, तर कवी केवळ चूक दुरुस्त करतो आहे. ‘आज चाचणी नव्हे, सुट्टी आहे’ या वाक्यासारखेच ते होईल. अपन्हुतीसाठी समोर खरी वस्तू असली पाहिजे आणि तीच नाकारलेली असली पाहिजे. मग समोर नेमके काय आहे? उत्तर पुढच्या ओळीत आहे: ‘आभाळीचा काळा तुकडा’. चुलीचा धूर छपरावर पसरतो आणि विरतो, आभाळात तुकडा होऊन राहत नाही. म्हणजे वर आहे तो ढगच. त्याला कवी ढग म्हणायला तयार नाही, म्हणून अपन्हुती. परीक्षेत हे एक वाक्य कारण म्हणून लिहिले, की अलंकार अंदाजाने लिहिलेला नाही हे तपासणाऱ्याला कळते.

रस्त्याच्या ओळीत चेतनगुणोक्ती आहे हे पटकन सुचते. तरी तिथेही एक चाळणी लावायची. ‘रस्ता वळतो’, ‘घड्याळ चालते’, ‘वारा पडला’ ही रोजची बोली आहे. निर्जीवाला माणूस करण्याचा हेतू तिच्यात नाही. इथे मात्र रस्ता वाट बघतो, थकतो, टेकून बसतो. एकापाठोपाठ तीन मानवी क्रिया आहेत, म्हणून शंका उरत नाही.

नाव बरोबर आणि तरी अर्धेच गुण, असे होते ते परिणामाच्या भागात. ‘या अलंकारामुळे कवितेचे सौंदर्य वाढले आहे’ हे वाक्य कोणत्याही कवितेखाली चिकटवता येते, म्हणून त्याला किंमत नाही. (तपासताना हे वाक्य इतक्या वेळा भेटते की अक्षर न वाचताही त्याचा आकार ओळखू येतो.) परिणाम उपमानाच्या निवडीत असतो. त्यासाठी सोपी युक्ती म्हणजे उपमान बदलून बघणे. ‘मुंग्यांपरि’च्या जागी ‘आगगाडीपरि’ घाला. रांग राहते, पण वेग येतो, आवाज येतो, आणि ‘जराशी’ हा शब्द उपरा वाटू लागतो. म्हणजे कवीला मुंगीचे रांगेत असणे तर हवेच होते, पण त्याहून जास्त हवे होते तिचे मुकाट, इंचाइंचाने पुढे जाणे. मुंगी स्वतःपेक्षा मोठे ओझे वाहते, हंडा घेतलेली बाईही तेच करते. शिवाय मुंग्यांची रांग उंचावरून पाहिल्यासारखी दिसते, त्यामुळे माणसे एकदम लहान होतात.

आता उत्तर तीन वाक्यांत मावते: ‘या ओळींत हंड्यांची रांग हे उपमेय आणि मुंग्यांची रांग हे उपमान असून “परि” या साधर्म्यवाचक शब्दाने त्यांतील साम्य दाखवले आहे, म्हणून येथे उपमा अलंकार आहे. मुकाट्याने, थोडे थोडे पुढे सरकणे हा दोघांतील समान धर्म आहे. त्यामुळे पाण्यासाठीचे लांबलेले ताटकळणे डोळ्यांसमोर येते आणि टंचाईपुढे माणूस किती लहान झाला आहे हे जाणवते.’ पहिले वाक्य ओळखीचे, दुसरे साम्याचे, तिसरे परिणामाचे. शेवटच्या वाक्यात उताऱ्यातला विषय, इथे पाणीटंचाई, आलाच पाहिजे. तो नसेल तर वाक्य पुन्हा कुठेही चिकटण्याजोगे होते.

एका उताऱ्यात दोन-तीन अलंकार असले तर सगळे लिहायचा मोह होतो. ‘उघडा–तुकडा’, ‘पाशी–जराशी’ हे यमक कुणालाही दिसते, पण प्रश्नात अधोरेखित ओळ दिली असेल तर त्या ओळीपुरतेच बोलावे. प्रश्न मोकळा असेल तर ज्याचा परिणाम सांगता येईल तोच अलंकार निवडावा. यमकाचा परिणाम सांगताना बहुतेक मुले ‘नाद’ या शब्दापुढे जात नाहीत.

आंधळ्या डोळ्याचे मात्र मी मुद्दाम शेवटी ठेवले. विहीर आणि डोळा यांत गोल असणे, खोल असणे, ओलावा असणे ही तीन साम्ये आहेत. त्यातला ओलावा गेला, म्हणून डोळा आंधळा. पण कवीने तो मिटवला नाही, ‘उघडा’ ठेवला. कुणाकडे बघत असेल तो? पुढच्याच ओळीत मेघ आहे.