आमची वाटचाल : एकाच आंब्याची पोळी आणि डबा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या कारखान्यात माल मुख्यतः दोनच प्रकारचा निघतो, आंबापोळी आणि डबाबंद हापूसचा रस. दोन्हीचा आंबा एकाच बागेतला, रसही एकाच चाळणीतून गाळलेला. पण पोळी टिकते ती पाणी काढून टाकल्यामुळे आणि डब्यातला रस टिकतो तो पाणी आहे तसं ठेवून. हा फरक नीट कळायला आम्हाला काही हंगाम जावे लागले, आणि धंद्याची खरी घडी त्यानंतरच बसली.

सुरुवात पोळीने झाली. सासूबाई खळ्यात ताटांना तूप लावून रस पसरायच्या, एक थर वाळला की त्यावर दुसरा. मी या घरात आले तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, "ताटातून सुटली म्हणजे वाळली असं समजू नकोस. उन्हं उतरल्यावर पुन्हा हात लावून बघ." गरम असताना कोरडी लागणारी पोळी निवल्यावर चिकट होते, कारण आतलं पाणी हळूहळू वर येतं. घरापुरत्या पोळीला ही परीक्षा पुरते. मुंबई-पुण्याला माल पाठवायचा तर आकडा लागतो.

आकडा आम्ही आधी टक्केवारीचा धरला, म्हणजे पोळीत किती टक्के पाणी उरलं. हिशेब सोपा आहे. शंभर किलो रसात साधारण अठरा किलो घन भाग असतो. पोळीत १५ टक्के पाणी ठेवलं तर माल निघतो २१ किलोच्या थोडा वर, २० टक्के ठेवलं तर साडेबावीस किलो. दर शंभर किलो रसामागे सव्वा किलोहून जास्त माल वाढतो, तोही कोळसा-वीज वाचवून. पोळी ओलसर विकण्याचा मोह इथूनच सुरू होतो.

एका पावसाळ्यात मुंबईच्या एका दुकानदाराचा फोन आला, "ताई, पाकिटांना बुरशी धरलीय." परत आलेली पाकिटं उघडली तर बुरशी पोळीच्या मधल्या भागावर होती, कडा स्वच्छ. प्रयोगशाळेचा त्याच लॉटचा अहवाल १७ टक्के पाणी असा होता, आणि तो खराही होता. फक्त नमुना कडेचा तुकडा कापून दिलेला. मधला तुकडा तपासला तर २२ टक्के निघाला. ड्रायरचे पत्र्याचे ट्रे मध्ये किंचित बसलेले असतात, तिथे रस जाड राहतो, आणि कड आधी वाळून कडक झाल्यामुळे सगळी पोळी वाळल्यासारखी वाटते.

तेव्हा आम्ही टक्केवारी सोडून वॉटर ॲक्टिव्हिटी मोजायला लागलो. ऑस्ट्रेलियाच्या विल्यम स्कॉट यांनी १९५३ मध्ये स्टॅफिलोकोकस या जिवाणूवरच्या अभ्यासातून हे माप अन्नशास्त्रात रुजवलं. पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं किती पाणी जंतूंना वापरता येतं, हे या मापातून कळतं. शुद्ध पाण्याचं माप १. साखर, मीठ किंवा आम्ल पाण्याला धरून ठेवतं, म्हणून ते विरघळलं की माप खाली येतं. बेदाण्यात १५ टक्के पाणी असूनही तो टिकतो, कारण ते पाणी साखरेने धरलेलं असतं. शेंगदाण्यात दहा टक्के पाणी राहिलं तरी बुरशीचा धोका असतो, कारण दाण्यात तेल जास्त आणि तेल पाणी धरत नाही. पाण्याची टक्केवारी दोन पदार्थांत सारखी असली म्हणजे सुरक्षितता सारखी असते, असं नाही.

बहुतेक जिवाणू ०.९१ च्या खाली वाढत नाहीत, बहुतेक यीस्ट ०.८८ च्या खाली थांबतात. स्टॅफिलोकोकस मात्र ०.८६ पर्यंत तग धरतो. साध्या बुरशा ०.८० च्या आसपास थांबतात, कोरडेपणा सोसणाऱ्या काही बुरशा मात्र ०.६० च्या जरा वरपर्यंत सरकत राहतात. ०.६० च्या खाली काहीच वाढत नाही. आम्ही पोळी ०.६० ते ०.६२ ला थांबवतो. त्याहून खाली नेली तर ती कडक होते, घडी घालताना तडकते आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. ०.६२ ला बुरशी अगदी अशक्य नसते, पण वाढ इतकी मंद की चांगल्या पाकिटात हंगाम निघून जातो. त्या मधल्या तुकड्याचं माप भरलं ०.७४. महिन्याभरात बुरशी दिसण्यात आश्चर्य काहीच नव्हतं.

मापाचं यंत्र महाग पडतं, ते नंतर घेतलं. आधी जे वापरलं ते कोणालाही घरी करता येतं. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत तळाला मीठ आणि थोडं पाणी घालायचं, इतकं की मीठ विरघळून संपू नये, ओलसर लगदा राहावा. २५ अंशांना बरणीतली हवा ७५ टक्के आर्द्र होते, म्हणजे माप ०.७५. दुसऱ्या बरणीत मॅग्नेशियम नायट्रेटचा असाच लगदा, त्याचं माप ०.५३. पोळीचे दहा-दहा ग्रॅमचे तुकडे जाळीवर ठेवून दोन्ही बरण्या एकाच वेळी बंद करायच्या आणि काही तासांनी तुकडे पुन्हा तोलायचे. समजा मिठावरचा तुकडा ०.३ ग्रॅमने वाढला आणि नायट्रेटवरचा ०.२ ग्रॅमने घटला. आलेख कागदावर आडवं बरणीचं माप आणि उभा वजनातला फरक धरून दोन बिंदू मांडले आणि रेघ ओढली की ती शून्याला छेदते ०.६२ च्या जवळ, तेच पोळीचं माप. मिलिग्रॅम दाखवणारा काटा हवा आणि खोलीचं तापमान हलता कामा नये, बाकी यात विशेष काही नाही. आजही आमचं यंत्र बरोबर दाखवतंय का, हे आम्ही याच मिठाने तपासतो.

ट्रेमध्ये रस आता पातळ आणि सम पसरतो. ड्रायर ५५ ते ६० अंशांवर ठेवतो, कारण सुरुवातीलाच कडक ऊब दिली तर वर साल धरते आणि आतलं पाणी अडकून बसतं. वाळलेली पोळी लगेच पाकिटात जात नाही. ती निवली की एक रात्र मोठ्या बंद डब्यात राहते, म्हणजे ओला भाग आणि कोरडा भाग एकमेकांशी जुळून घेतात. सकाळी मधला तुकडा काढून मोजायचा, आणि तो मधलाच. गरम पोळी पाकिटात भरली तर वाफ आतल्या बाजूला थेंबांनी जमते आणि जिथे थेंब तिथे बुरशी, पोळी कितीही चांगली वाळलेली असो.

कोकणातली अडचण याहून मोठी आहे. ०.६२ ची पोळी बंद जागेत आपल्याभोवतीची हवा ६२ टक्के आर्द्र ठेवते. बाहेर जुलैमध्ये हवा ९० टक्के आर्द्र. पोळी टेबलावर उघडी ठेवली की ती लगेच हवेतलं पाणी ओढू लागते. म्हणून भरण्याची खोली बंद, माणसं कमी आणि पाकीट ॲल्युमिनियमचा थर असलेलं. साध्या पातळ प्लॅस्टिकमधून वाफ हळूहळू आत येत राहते. पाकिटाचा खर्च वाढला, पण जुलै-ऑगस्टमधल्या तक्रारी जवळजवळ संपल्या.

रसाचे डबे पुढे सुरू झाले. हंगाम ऐन भरात असताना ड्रायरला सगळा आंबा पुरवता येत नाही, आणि पिकलेला हापूस थांबत नाही. डब्यातल्या रसात वॉटर ॲक्टिव्हिटी ०.९८ च्या जवळपास असते, म्हणजे जंतूंना सगळं मोकळं. तिथे संरक्षण तीन गोष्टींचं : आम्ल, उष्णता आणि झाकणाची शिवण, म्हणजे झाकण आणि डब्याचा पत्रा जिथे घडी घालून जोडतात ती कड. यातली एकही ढिली पडली तर बाकीच्या दोन सांभाळू शकत नाहीत.

सगळ्यात आधी आम्ल, आणि त्यातच लोक कमी पडतात. ते पीएचने मोजतात, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जिवाणू पीएच ४.६ च्या खाली वाढत नाही, पण त्याचे बीजाणू १०० अंशांत तासन् तास जिवंत राहतात. आपल्या उकळत्या पाण्याच्या टाकीत त्यांना मारता येत नाही, फक्त आम्लामुळे ते निजून राहतात. हापूसचा रस बहुधा ४ च्या आसपास असतो, पण जास्त पिकलेल्या फळाचा वर जातो. मग ब्युटिरिक आम्ल करणारे काही जिवाणू ४ च्या वर जागे होतात, डबा फुगतो आणि उघडला की खवट लोण्याचा वास येतो. म्हणून प्रत्येक भट्टीचा पीएच मोजूनच सायट्रिक आम्ल घालतो आणि ४ च्या खाली आणतो. कामावरच्या बायका आधी म्हणायच्या, "वहिनी, चव बघितली की कळतं ना." हापूसमध्ये साखर भरपूर, तिच्यामागे आंबटपणा लपतो. जिभेला ३.८ आणि ४.२ सारखेच लागतात, त्यामुळे मीटरच हवा.

मग रस ८५ अंशांच्या वर तापवून गरमच डब्यात भरतो, झाकण बसवतो आणि ८५० ग्रॅमचे डबे उकळत्या पाण्यात साधारण अर्धा तास ठेवतो. डबे सोडल्यावर टाकीतल्या पाण्याचं तापमान खाली उतरतं. वेळ मोजायची ती पुन्हा उकळी फुटल्यापासून.

यापेक्षा माझं लक्ष थंड करण्यावर जास्त असतं. गरम डबा थंड पाण्यात गेला की आत निर्वात होतो आणि शिवण अजून पुरती आवळलेली नसते. त्या क्षणी बाहेरच्या पाण्याचा बारीक थेंब आत ओढला जाऊ शकतो. ते पाणी विहिरीचं असेल तर त्याच्याबरोबर जंतूही आत. म्हणून थंड करायच्या पाण्यात क्लोरीन असतंच. डबे अगदी गार होईपर्यंत पाण्यात ठेवत नाही. हाताला कोमट, ४० अंशांच्या आसपास असतानाच बाहेर काढतो, म्हणजे उरलेल्या उबेने पत्रा वाळतो आणि गंज धरत नाही.

फुगलेला डबा सापडला तर तो फेकून देऊन प्रश्न सुटत नाही. तो फुगला कशाने, हे शोधावं लागतं. आत मिश्र जंतू आणि यीस्ट सापडले तर शिवण गळकी, कारण हे उष्णतेत जगत नाहीत, नंतरच आलेत. शिवण कापून तिच्या घड्या मापून बघायच्या आणि यंत्राचं रोलर आवळायचं. नुसते बीजाणूवाले जिवाणू सापडले तर आम्ल किंवा उष्णता कमी पडली. आत जंतूच नसले आणि पत्रा काळवंडलेला दिसला, तर आम्लाने पत्रा खाऊन हायड्रोजन झाला, म्हणजे डब्याच्या आतल्या लाखेचा दोष. तिन्हीवर उपाय वेगळे. दर लॉटचे काही डबे आम्ही ३७ अंशांच्या कपाटात ठेवतो. दोन आठवड्यांत फुगायचा तो तिथेच फुगतो, माल गोदामातून निघायच्या आत.

अलीकडे दोन व्यापाऱ्यांनी कच्च्या फणसाची भाजी डबाबंद मागितली. दर चांगला देत होते. भाजीत आम्ल फार कमी, त्यामुळे उकळत्या पाण्याची टाकी तिला पुरत नाही. त्यासाठी दाबाखाली १२१ अंशांपर्यंत जाणारं रिटॉर्ट आणि त्या डब्यासाठी मोजून ठरवलेली वेळ लागते, तीही डब्याच्या मधोमध तापमापी घालून. भाजीचे तुकडे, घट्टपणा, डब्याचा आकार यातलं काही बदललं तर ती वेळ पुन्हा मोजावी लागते. ते यंत्र आमच्याकडे नाही, म्हणून आम्ही नाही म्हटलं. त्याऐवजी कच्चा फणस मीठ आणि सायट्रिक आम्लाच्या पाण्यात मुरवून, तुकड्याच्या गाभ्यापर्यंत पीएच ४.६ च्या बराच खाली नेऊन भरता येतो का, हे या हंगामात बघतोय. गाभ्यापर्यंत आम्ल पोचायला वेळ लागतो, म्हणून वरच्या पाण्याचा पीएच बघून थांबत नाही. तुकडा वाटून त्याचा मोजतो.