आत्तीला लिहिलेलं अंतर्देशीय पत्र

खानापूर तालुक्यात आमच्या आत्तीच्या गावची जत्रा होती. बेळगावहून येतो म्हणून सांगितलं होतं, पण ऐनवेळी ऑफिसात अडकलो आणि निरोपही वेळेवर गेला नाही. तिनं पोळ्या करून ठेवल्या, नातवाला शेवटच्या बसपर्यंत स्टँडवर बसवलं. हे वहिनीनं मागाहून सांगितलं.

आधी फोनच केला. आत्तीला कमी ऐकू येतं, म्हणून वहिनी स्पीकर लावते आणि सोप्यात बसलेली सगळीच माणसं ऐकतात. मी माफी मागितली. "असू दे रं, कामं असतात माणसाला," म्हणाली आणि फोन वहिनीकडं दिला. एरवी पोरांची चौकशी केल्याशिवाय, "कधी येतोस?" विचारल्याशिवाय ती फोन सोडत नाही. त्या दिवशी दोन्ही नाही. चारचौघांत ती दुसरं काय बोलणार होती?

मग पोस्टातून अडीच रुपयांचं अंतर्देशीय आणलं. आत्ती मराठी शाळेत शिकलेली, चष्मा लावून सावकाश वाचते. कागद पातळ, शाई पलीकडं उमटते, म्हणून काळ्या बॉलपेननं टपोऱ्या अक्षरात, ओळी सुट्या ठेवून लिहिलं. आधी वहीत कच्चं लिहिलं होतं. त्यात निम्मं ऑफिसचंच रामायण. ते सगळं खोडलं. कारण वाढलं की माफी मागतोय की बाजू मांडतोय, तेच कळेना. शेवटी एवढंच ठेवलं:

"तीर्थरूप आत्तीस, शिरसाष्टांग नमस्कार. जत्रेला येतो म्हणून आलो नाही, कळवलंही नाही. तू पोळ्या करून वाट बघितलीस. पाहुण्यांपुढं 'भाचा आला नाही' म्हणायची पाळी तुझ्यावर आली, ती माझ्यामुळं. मला माफ कर. भाऊबीजेला बाबांना घेऊन येतो. तुझा भाचा."

पाहुण्यांपुढची ती ओळ लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तिला खरं लागलं होतं ते तिथंच. भाऊबीजेचं मात्र रजा मंजूर झाल्यावरच लिहिलं. पुन्हा चुकलं असतं तर पत्राची किंमत शून्य. तिकडचा पोस्टमन कन्नड वाचणारा, म्हणून पत्ता मराठीखाली कन्नडमधूनही लिहून घेतला, आत्तीच्या नावापुढं घरच्यांचं नाव आणि पिनकोड घातला.

पत्र पोचल्याचं वहिनीनं कळवल्यावर दुपारी, घरात निवांत असताना फोन केला. स्पीकर नको, कानालाच लावून दे म्हटलं. "माफ केलंस का?" असं विचारलं नाही. त्यावर "हो" म्हणण्यावाचून तिला वाट राहिली नसती. पत्र मिळालं का, एवढंच मोठ्यानं आणि सावकाश विचारलं.

मग ती बोलायला लागली. पोळ्या किती केल्या, कोण कोण विचारून गेलं, नातू कसा उपाशीच परत आला, सगळं. मी मध्ये एकदाही "अगं पण" म्हटलं नाही. बोलून झाल्यावर म्हणाली, "बापाला थंडी सोसत न्हाई. स्वेटर घालून आण. आणि कुठल्या बसनं येतासा, ते आधी सांग."