वॉशिंग मशीनची नोटीस लिहिण्याआधी पाणी मोजलं

आमची सोसायटी दर्यापूर तालुक्यात, म्हणजे खारपाणपट्ट्यात. बोअरचं पाणी खारं, त्यात साबणाला फेस येत नाही. कपडे धुवायचे तर नळाचंच पाणी हवं, आणि नळ येतो एक दिवस आड. आठ घरांनी वर्गणी काढून टॉप लोड मशीन घेतलं आणि नोटीस लिहायचं काम सचिव म्हणून माझ्याकडे आलं.

बैठकीत नुसत्या वेळा ठरत होत्या. तेव्हा तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "भाऊ, टाइम तं लिवसान, पन टाकीत पानी किती रायते ते पायलं काय?" मला ते एकदम पटलं. मशीनचा सांडपाण्याचा पाइप वीस लिटरच्या बादलीत सोडला आणि एक पूर्ण धुणं मोजलं. साडेपाच बादल्या भरल्या, म्हणजे सुमारे ११० लिटर. आठही घरांनी एकाच दिवशी मशीन लावलं तर ८८० लिटर जातात, आणि वरची टाकी आहे दोन हजारांची. मग स्वयंपाक-आंघोळीला दोन दिवस काय उरणार?

म्हणून नोटिशीत पहिलं वाक्य वेळेचं नाही, पाण्याचं आहे: "मशीन फक्त नळाच्या दिवशी, टाकी भरल्यावर." दिवसाला चार घरं, उरलेली चार पुढच्या नळाला. पाळ्या आठ, साडेनऊ, अकरा आणि साडेबाराच्या. धुणं तासाभरात होतं, तरी दीड तास धरला, कारण मशीनमध्ये पाणी हळू भरलं की वेळ लांबतो. पाणी नेहमीपेक्षा फारच हळू येत असेल तर आधी नळी जोडतो तिथली बारीक जाळी काढून पाहावी. पावसाळ्यात तिच्यात गाळ बसतो.

शेवटच्या खंगाळणीचं पाणी ड्रममध्ये घ्यायचं, ते संडासाला आणि जिना धुवायला चालतं. पहिलं साबणाचं पाणी मात्र नालीतच. पावडर मापानंच टाकायची. जास्त टाकली की फेस राहतो आणि पुन्हा खंगाळायला पाणी जातं.

स्वच्छतेसाठी ज्याची पाळी त्यानं धाग्यांची जाळी झटकायची आणि झाकण उघडं ठेवायचं, नाहीतर आत कुबट वास धरतो. नळाच्या पाण्याचेही क्षार ड्रमवर बसतात. म्हणून महिन्यातून एकदा शंभर ग्रॅम लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून कपड्यांशिवाय मशीन फिरवायचं. त्यात ब्लीच कधीच टाकायचं नाही, विषारी वायू सुटतो. हे वाक्य मी लाल पेनानं लिहिलं.

गोधड्यांवरून बराच वाद झाला. पण भिजलेली गोधडी इतकी जड होते की पिळताना मशीन हादरतं, म्हणून त्या हातानंच धुवायच्या ठरल्या. उन्हाळ्यात नळ आणखी लांबला तर चार पाळ्यांच्या तीन होतील, हेही खाली लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या.